चेझेनाच्या चौकातले प्रेत आणि ‘द प्रिन्स’मधली अपरिहार्यता

२६ डिसेंबर १५०२ रोजी इटलीच्या रोमान्या प्रांतातील चेझेना या गावातून फ्लॉरेन्सच्या सरकारकडे एक खलिता निघाला. लिहिणारा होता निकोलो मॅकियाव्हेली, वय वर्षे तेहतीस, फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा सचिव आणि त्या वेळी रोमान्या जिंकणाऱ्या चेझारे बोर्जियाच्या छावणीत मुक्कामाला असलेला वकील. त्या दिवशी सकाळी चौकात रेमिरो दे ओर्को या माणसाचे दोन तुकडे केलेले प्रेत सापडले होते. रेमिरो हा बोर्जियाचाच रोमान्यातील सर्वाधिकारी. नुकताच त्याला कैद केले होते. मॅकियाव्हेली लिहितो की प्रेत अजून तिथेच आहे, साऱ्या गावाने ते पाहिले आहे, आणि या मृत्यूचे कारण कुणालाही नीट ठाऊक नाही. राजाच्या, म्हणजे बोर्जियाच्या, मनात तसे आले, एवढेच काय ते कळते. माणसे त्यांच्या लायकीप्रमाणे हवी तशी घडवता आणि मोडता येतात, हे राजाला दाखवून द्यायचे आहे असे दिसते.

हेच प्रेत सुमारे अकरा वर्षांनी, मॅकियाव्हेलीने राज्य मिळवण्या-टिकवण्यावर लिहिलेल्या ‘द प्रिन्स’ या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात पुन्हा भेटते. आता त्याच्या शेजारी लाकडाचा ओंडका आणि रक्ताने माखलेला सुरा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आता कारणही आहे, आणि तेही आरशासारखे स्वच्छ. बोर्जियाने रोमान्या जिंकला तेव्हा तिथे लुटालूट आणि भाऊबंदकी माजली होती. ती मोडायला त्याने क्रूर आणि झटपट काम करणारा रेमिरो पाठवला आणि त्याला पूर्ण मुखत्यारी दिली. रेमिरोने थोड्याच काळात प्रांत शांत केला. मग एवढ्या अमर्याद सत्तेची गरज उरली नाही, उलट ती लोकांच्या डोळ्यांत सलू लागेल अशी भीती वाटली, म्हणून बोर्जियाने प्रांताच्या मध्यभागी एक दिवाणी न्यायालय स्थापन केले, त्यावर उत्तम अध्यक्ष नेमला आणि प्रत्येक शहराला तिथे आपला वकील ठेवू दिला. राहिला प्रश्न आधी साचलेल्या द्वेषाचा. जे क्रौर्य झाले ते आपले नव्हे, आपल्या अधिकाऱ्याच्या कठोर स्वभावाचे होते, असे लोकांना पटवण्यासाठी त्याने एका सकाळी त्या अधिकाऱ्याचे दोन तुकडे करून चौकात ठेवले. त्या दृश्याने लोक समाधानीही झाले आणि सुन्नही झाले, असे मॅकियाव्हेली म्हणतो. काट्याने काटा काढला आणि मग तो काटाही लोकांसमोर मोडून टाकला.

मी ‘द प्रिन्स’ वाचले ते इतर बहुतेकांप्रमाणे एकटे, सुटे, अभ्यासक्रमातले पुस्तक म्हणून. त्या वाचनात सातवे प्रकरण म्हणजे थंड डोक्याने आखलेल्या राजकारणाचा नमुना वाटतो. पुढे मॅकियाव्हेलीचे खलिते हाती आले आणि ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली, तेव्हापासून मला त्या पुस्तकाचा खरा विषय वेगळा दिसू लागला. एका पानावर जागेवर हजर असलेला हुशार निरीक्षक ‘कारण ठाऊक नाही’ म्हणतो. दुसऱ्या पानावर तोच माणूस कारणाची पायरी अन् पायरी उलगडतो. मधल्या काळात नवा पुरावा मिळाला असे तो कुठेही सांगत नाही. रेमिरोच्या हत्येची इतर कारणेही सांगितली गेली आहेत: धान्याच्या व्यवहारातला भ्रष्टाचार, बोर्जियाविरुद्ध कट करणाऱ्या सरदारांशी संधान. ती खरीही असतील. पण पुस्तकात त्यांना जागा नाही, कारण पुस्तकाला अपघात नको आहे, अपरिहार्यता हवी आहे. राजकारणातली अपरिहार्यता घटना घडताना दिसत नाही, ती बहुतेकदा मागाहून लिहिली जाते, असे मला वाटते. आणि मॅकियाव्हेलीइतके हे कुणालाच ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे वाटते.

राजाला उपदेश करणारी पुस्तके त्या काळी नवी नव्हती. राजाने दयाळू, उदार, वचनाला जागणारा आणि धर्मनिष्ठ असावे, म्हणजे प्रजा प्रेम करील आणि राज्य टिकेल, असा त्यांचा साचा शतकानुशतके चालत आला होता. ‘द प्रिन्स’ लिहिले गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १५१६ मध्ये, डच विद्वान इरॅस्मसने पुढे सम्राट झालेल्या तरुण चार्ल्ससाठी असेच पुस्तक लिहिले. प्राचीन ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या त्या काळच्या सगळ्या मानवतावाद्यांना तोंडपाठ असलेल्या रोमन लेखक सिसेरोने म्हटले होते की अन्याय दोन प्रकारे होतो, बळाने आणि कपटाने. एक सिंहाचा मार्ग आणि दुसरा कोल्ह्याचा, आणि दोन्ही माणसाला न शोभणारे. मॅकियाव्हेली अठराव्या प्रकरणात तेच दोन प्राणी उचलतो आणि राजाने दोन्ही व्हायला शिकावे असे सांगतो, कारण सिंहाला सापळे ओळखता येत नाहीत आणि कोल्ह्याला लांडग्यांपासून बचाव करता येत नाही. त्याच्या मूळ वाचकांना यातला धक्का लगेच कळला असणार. सिसेरो ज्याने पाठ केलेला नाही अशा आपल्यासारख्यांना तो शोधावा लागतो. पंधराव्या प्रकरणात तो म्हणतो की कुणी कधी पाहिली नाहीत अशी राज्ये अनेकांनी कल्पिली आहेत, पण मला गोष्टीच्या प्रत्यक्ष सत्याशी कर्तव्य आहे. ज्याला टिकायचे आहे त्या राजाने चांगले न असण्याची क्षमता कमवावी, आणि ती गरजेप्रमाणे वापरावी किंवा न वापरावी. या वाक्यातला ‘किंवा न वापरावी’ हा भाग पुष्कळदा गाळला जातो, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

या माणसाला प्रत्यक्ष सत्य कुठून कळले होते? १४९८ पासून १५१२ पर्यंत तो फ्लॉरेन्सच्या चाकरीत होता आणि त्या काळात त्याने फ्रान्सचा राजा, पोप, जर्मन सम्राट यांच्या दरबारी चकरा मारल्या. फ्लॉरेन्स श्रीमंत होते, पण बोर्जियाच्या काळात त्याच्याकडे स्वतःचे सैन्य नव्हते; भाडोत्री सरदारांवर त्याची भिस्त होती. अशा राज्याच्या वकिलाला दरबारात काय किंमत मिळते, हे त्याने पुरेपूर भोगले. चेझेनाच्या आधी इमोला येथे तो आठवडेच्या आठवडे बोर्जियाच्या मागे होता. त्याला करार करण्याचा अधिकार नव्हता, फक्त वेळ काढायचा होता. पैसे संपतात, तब्येत बरी नाही, मला परत बोलवा, असे तो पुन्हा पुन्हा लिहीत होता आणि परत बोलावणे येत नव्हते.

बोर्जियाचे त्या वेळचे स्थान समजून घेतले नाही तर पुढचा भाग कळत नाही. तो पोप सहावा अलेक्झांडर याचा मुलगा. त्याने कार्डिनलपद सोडले, फ्रान्सचा राजा बारावा लुई याच्याकडून सरदारकी आणि फौज मिळवली, आणि १४९९ च्या अखेरीपासून रोमान्यातली गावे एकामागून एक घेतली: इमोला, फोर्ली, रिमिनी, फाएन्झा. म्हणजे सारा डोलारा दोन माणसांच्या मर्जीवर उभा होता, आणि त्यातला एक म्हातारा होता. मॅकियाव्हेलीच्या भाषेत ही दुसऱ्याच्या दैवाने आणि दुसऱ्याच्या शस्त्रांनी मिळालेली सत्ता. ती मिळवायला सोपी आणि टिकवायला महाकठीण. दैवाने दिलेले राज्य स्वतःच्या कर्तृत्वावर रोवून घ्यायचे, ते देणारे दैव फिरण्याआधी, हा बोर्जियापुढचा प्रश्न होता, आणि सातव्या प्रकरणात मॅकियाव्हेली तपासतो तो नेमका हाच.

१५०२ च्या ऑक्टोबरात बोर्जियाच्या पदरी असलेल्या सरदारांनीच त्याच्याविरुद्ध एकी केली. आज शेजाऱ्याचे गाव गेले, उद्या आपले जाणार, हे त्यांनी ओळखले होते. उर्बिनो उठले, फौजा उलटल्या, आणि काही आठवडे बोर्जिया अगदी एकाकी पडला. मॅकियाव्हेली हे जवळून पाहत होता. बोर्जियाने फ्रान्सकडून मदत मागवली, नव्या तुकड्या उभारल्या, आणि तोवर बंडखोरांशी गोड बोलणे चालू ठेवले. त्यांना पैसे दिले, मानाचे कपडे आणि घोडे दिले, तह केला. त्यांनी तहावर विश्वास ठेवला. ३१ डिसेंबर १५०२ रोजी, रेमिरोच्या प्रेतानंतर पाचच दिवसांनी, सेनिगाल्लिया या बंदराच्या गावी त्यांनी त्याचे स्वागत केले आणि त्याच्याबरोबर आत गेले. त्याच रात्री वितेलोत्सो वितेली आणि ओलिव्हेरोत्तो या दोघांना गळा दाबून मारण्यात आले. ओर्सिनी घराण्यातील दोघांना जानेवारीत. कोल्हा आणि सिंह एकाच अंगात असणे म्हणजे काय, हे मॅकियाव्हेलीने कुठल्या रोमन ग्रंथात वाचले नव्हते. ते त्याने त्या थंडीत प्रत्यक्ष पाहिले होते.

इथपर्यंत कथा कर्तृत्वाची आहे. पण मला ओढून नेतो तो तिचा उत्तरार्ध. १५०३ च्या ऑगस्टमध्ये रोममध्ये पोप आणि मुलगा एकाच वेळी तापाने आजारी पडले. विषप्रयोगाच्या अफवा लगेच पसरल्या; तो बहुधा त्या ऋतूतला रोमचा नेहमीचा हिवताप असावा. १८ ऑगस्टला अलेक्झांडर मेला आणि बोर्जिया मरणाच्या दारात पडून राहिला. पुढे भेट झाली तेव्हा बोर्जियाने मॅकियाव्हेलीला सांगितले की वडील गेल्यावर काय काय होऊ शकेल याचा मी सगळा विचार करून ठेवला होता, सगळ्यावर तोड काढली होती. फक्त ते जातील तेव्हा मी स्वतःही मरायला टेकलेला असेन, एवढे एकच माझ्या मनात आले नव्हते. दैव म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला अजून वाचायला मिळालेली नाही. आपण ज्या संकटांची यादी केली ती सारी संकटे येतात, पण त्यांचा सामना करणारा ‘मी’ यादीत धरलेलाच नसतो.

नवा पोप तिसरा पायस निवडला गेला आणि महिनाही पुरता लोटण्याआधी वारला. पुन्हा निवडणूक लागली. स्पॅनिश कार्डिनलांची मते बोर्जियाच्या हातात होती. आपल्या मर्जीतला पोप त्याला कदाचित करता आला नसता, पण नको असलेला पोप अडवता नक्की आला असता. जुलियानो देल्ला रोव्हेरे हा अलेक्झांडरचा जुना वैरी. त्याने त्या कारकिर्दीतली बरीच वर्षे परागंदा काढली होती. त्याने बोर्जियाला सेनापतिपद आणि रोमान्या देण्याचा शब्द दिला, बोर्जियाने मते दिली, आणि १ नोव्हेंबर १५०३ रोजी जुलियानो दुसरा ज्युलियस म्हणून पोप झाला. काही आठवड्यांतच बोर्जिया त्याच्या कैदेत होता आणि किल्ल्यांचे परवलीचे शब्द त्याच्याकडून मागितले जात होते. मॅकियाव्हेली पुन्हा तिथेच होता, या वेळी रोममध्ये. त्याच्या नोव्हेंबरातल्या खलित्यांत आधीचे कौतुक कुठेच नाही. हा सरदार आपल्या धाडसी आत्मविश्वासाने वाहवत चालला आहे, आणि आपले स्वतःचे शब्द होते त्यापेक्षा इतरांचे शब्द अधिक पक्के निघतील असे त्याला वाटते, असे तो लिहितो. सेनिगाल्लियात ज्याने शब्दाच्या जाळ्यात चार माणसे पकडली, तोच वर्ष उलटण्याच्या आत शब्दाच्या जाळ्यात अडकला.

आता सातवे प्रकरण पुन्हा काढा. तिथे मॅकियाव्हेली आधी म्हणतो की नव्या राजाला बोर्जियाच्या उदाहरणाहून चांगला धडा मी देऊ शकत नाही, आणि त्याच्या योजना फसल्या तो त्याचा दोष नव्हता. दैवाचा तो विलक्षण आणि पराकोटीचा दुष्टपणा होता. प्रकरणाच्या शेवटी मात्र तो म्हणतो की एका गोष्टीसाठी त्याला दोष देता येतो: ज्युलियसची निवड. मोठ्या माणसांना नवे उपकार जुने अपमान विसरायला लावतात असे मानणारा स्वतःला फसवतो. ही चूक बोर्जियाने केली आणि तीच त्याच्या अंतिम नाशाचे कारण झाली. दोष नव्हता, आणि दोष होता. दोन्ही विधाने एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतराने. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही आपली म्हण या प्रकरणाच्या मध्यावर आणून ठेवली तर ती प्रश्न म्हणून उभी राहते: बोर्जियाचे नेले कुणी, दैवाने की कर्माने? अभ्यासकांनी या विसंगतीवर खूप लिहिले आहे, आणि तिचा निकाल लावून टाकण्याची घाई मला पटत नाही. ज्याने तो माणूस दोनदा, एकदा शिखरावर आणि एकदा कोसळताना, समोरासमोर पाहिला, त्याला दोन्ही खरे वाटले असणार. आजाराने त्याचे बळ गेले हे खरे, आणि उरलेल्या बळात जे करता येत होते ते त्याने केले नाही हेही खरे.

ही गुंतागुंत मॅकियाव्हेलीच्या मनात किती खोल होती याचा दुसरा पुरावा १५०६ सालचा आहे. त्या सप्टेंबरात ज्युलियस आपल्याला नको असलेल्या सरदारांचा बंदोबस्त करायला निघाला आणि पेरूजिया या गावात, आपली फौज मागे ठेवून, कार्डिनलांसह शिरला. गावचा मालक जानपाओलो बाल्योनी सशस्त्र होता, आणि त्याने आजवर केलेल्या दुष्कृत्यांची यादी पाहता पोपला पकडायला किंवा मारायला तो कचरला असता असे कुणालाही वाटले नसते. त्याने काहीच केले नाही. पोप वाचला आणि बाल्योनी त्याच्यामागून निमूट चालता झाला. मॅकियाव्हेली या स्वारीत पोपबरोबर होता. त्याने फ्लॉरेन्सच्या प्रमुखाच्या पुतण्याला एक लांब, अस्ताव्यस्त पत्र लिहायला घेतले. त्यात तो विचारतो की एकच कृती एका माणसाला वर नेते आणि दुसऱ्याला बुडवते, आणि उलट अगदी विरुद्ध मार्गांनी दोघे एकाच जागी पोचतात, हे कसे? त्याचे उत्तर असे की माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो आणि काळ आपल्या वळणाने जातो. दोन्ही जुळले की यश, नाही जुळले की नाश. काळाप्रमाणे स्वभाव बदलणारा कुणी असता तर त्याचे दैव कधीच फिरले नसते आणि शहाणा माणूस ग्रहताऱ्यांवर हुकूम चालवता. पण असा माणूस नसतो.

‘द प्रिन्स’च्या पंचविसाव्या प्रकरणात हेच विचार पुस्तकी शिस्तीत येतात. आपल्या निम्म्या कृतींवर दैवाची सत्ता आहे आणि उरलेली निम्मी, किंवा जवळपास तेवढी, ते आपल्यावर सोपवते, असे तो म्हणतो. मग पूर आलेल्या नदीची उपमा येते: पूर आल्यावर कुणाचे काही चालत नाही, पण पाणी ओसरलेले असताना बांध आणि कालवे बांधता येतात. हा भाग सगळे उद्धृत करतात, कारण तो धीर देतो. त्यापुढचा भाग धीर काढून घेतो. ज्युलियस आयुष्यभर उतावळेपणाने वागला आणि यशस्वी झाला, कारण काळ उतावळ्यांचा होता. सावधपणाची गरज असलेला काळ आला असता तर तो बुडाला असता, कारण ज्या मार्गाकडे त्याचा स्वभाव ओढत होता तो मार्ग त्याला सोडता आला नसता. म्हणजे बांध बांधणे पुरेसे नाही. कुठल्या जागी बांधायचे हे सांगणारे मन आपल्या ताब्यात नाही. राजाला सल्ला देणाऱ्या पुस्तकाने अशा जागी पोचावे, की सल्ला घेणाऱ्याला तो पाळता येईलच असे नाही, ही मला त्या ग्रंथातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सचे प्रजासत्ताक कोसळले, तिथले जुने सत्ताधारी मेदिची घराणे परत आले, मॅकियाव्हेलीची नोकरी गेली, आणि पुढच्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून त्याला दोरीने टांगून छळले. पुस्तक लिहिले गेले ते यानंतर त्याच वर्षी. ज्यांनी त्याला तुरुंगात टाकले त्याच घराण्याला ते अर्पण केले, आणि त्याच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. छापले गेले १५३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

मग अपरिहार्यतेचे काय? ‘परिस्थितीच तशी होती’ असे प्रत्येक जुलमी माणूस म्हणतो, आणि मॅकियाव्हेलीचे नाव घेऊन म्हणतो. पण मूळ पुस्तकात हे कारण इतक्या स्वस्तात मिळत नाही. आठव्या प्रकरणात सिरॅक्यूजचा जुलमी राजा अगाथोक्लीज याच्याबद्दल लिहिताना मॅकियाव्हेली क्रौर्याचे दोन प्रकार करतो. नीट वापरलेले क्रौर्य (‘नीट’ हा शब्द वाईटाला लावता येत असेल तर, असे तो स्वतःच मध्ये थांबून म्हणतो) एका फटक्यात केले जाते, स्वतःच्या सुरक्षिततेच्या निकडीपोटी केले जाते, नंतर ते चालू राहत नाही, आणि शक्य तितके प्रजेच्या फायद्याकडे वळवले जाते. वाईट वापरलेले क्रौर्य सुरुवातीला थोडे असते आणि काळाबरोबर वाढत जाते. या कसोटीचे वैशिष्ट्य हे की ती राजाच्या बोलण्यावर अवलंबून नाही. त्याने काय कारण दिले हे विचारायचे नाही. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी क्रौर्य घटले की वाढले, हे बघायचे. वाढत असेल तर आधी सांगितलेली निकड हा बहाणा होता, किंवा ज्या रोगावर ते औषध म्हणून दिले तो रोगच चुकीचा ओळखला होता. आणि ही कसोटीही मागाहूनच लागू होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. चौकात प्रेत पडले त्या सकाळी चेझेनातल्या कुणालाही ती लावता आली नसती. मॅकियाव्हेलीलाही आली नाही.

त्याचा धाकटा मित्र फ्रान्चेस्को ग्विचार्दिनी याला हे खटकत होते. ग्विचार्दिनी स्वतः प्रांताधिकारी होता. पुढे त्याच रोमान्यावर त्याने पोपच्या वतीने राज्य केले. मॅकियाव्हेली गोष्टी फार ठामपणे मांडतो आणि असाधारण, हिंसक उपायांची त्याला जरा जास्तच ओढ आहे, असे त्याने लिहून ठेवले. प्रत्यक्ष कारभार करणाऱ्या माणसाचा हा आक्षेप मला नेहमीच वजनदार वाटत आला आहे. प्रत्येक प्रसंगाची बारीकसारीक परिस्थिती वेगळी असते, ती ओळखण्याची नजर ग्रंथातून येत नाही, असे ग्विचार्दिनीचे म्हणणे होते. पण मॅकियाव्हेलीवरचे त्याचे हे लेखन घराण्याच्या कागदपत्रांत पडून राहिले, आणि गाजला मॅकियाव्हेली. १५५९ मध्ये त्याचे सारे लेखन रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले, आणि १५८९ मध्ये इटालियन लेखक जोव्हान्नी बोतेरोने ‘राज्याचे हित’ या नावाखाली, मॅकियाव्हेलीला शिव्या घालतच, त्याचे बरेचसे सामान धर्मसंमत करून परत आणले. या वाटचालीत एक गोष्ट गळाली. राज्याच्या हितासाठी अपवाद करावा लागतो, हे राहिले. अपवाद करणाऱ्याला काळ कळलेला असेलच असे नाही, हे गेले. थोडक्यात, निकड मागे उरली आणि दैव वाटेत हरवले.

विसाव्या शतकात या परंपरेला ‘राजकीय वास्तववाद’ हे नाव पक्के झाले. १९१९ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने म्युनिकच्या व्याख्यानात, दशकभरापूर्वी म्हैसूरहून छापल्या गेलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा उल्लेख करून, त्याच्यापुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी वाटते असे म्हटले होते. आपल्याकडे हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते, मला मात्र त्यात अभिमान वाटण्याजोगे काय आहे ते कळत नाही. या परंपरेतले जे उदाहरण चेझेनाच्या प्रेताशेजारी ठेवावेसे वाटते ते ब्रिटिश लेखक ई. एच. कार यांचे आहे. तेही मॅकियाव्हेलीप्रमाणे परराष्ट्र खात्यात सुमारे वीस वर्षे काढून मग लिहायला बसलेले. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांच्या संकटावरचा त्यांचा ग्रंथ सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होताहोता, बाहेर आला. त्यात मॅकियाव्हेलीला त्यांनी पहिला महत्त्वाचा राजकीय वास्तववादी म्हटले आणि राष्ट्रसंघाच्या भोवती जमलेल्या सदिच्छांच्या राजकारणाची चिरफाड केली. ती चिरफाड आजही वाचावी अशी आहे. सत्ता नसलेली नीती ही बलवानांच्या सोयीची नीती कशी होते हे त्यांनी दाखवले.

पण त्याच पहिल्या आवृत्तीत म्युनिक करार आहे. १९३८ च्या सप्टेंबरात चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रदेश हिटलरला देण्यात आला, त्या वाटाघाटी म्हणजे एखादा मोठा आंतरराष्ट्रीय प्रश्न शांततेच्या मार्गाने बदलण्याचा अलीकडचा सर्वांत जवळचा प्रयत्न, असे कार लिहितात. त्यांचा युक्तिवाद असा: युरोपातले सत्तेचे प्रमाण असे होते की चेकोस्लोव्हाकियाने काही भूभाग आणि अखेर स्वातंत्र्य गमावणे अटळ होते; मग ते युद्धाने होण्यापेक्षा, न्याय-अन्याय बाजूला ठेवून, टेबलाभोवती बसून झालेले बरे. सगळा भार ‘अटळ’ या एका शब्दावर आहे. एका वर्षातल्या बळाबळाचा हिशेब त्यांनी काळाचा कायमचा कल म्हणून वाचला. १९३८ च्या जर्मनीत त्यांना जो उतावळा दिसला तो काळाशी जुळलेला होता, आणि काळ वळू शकतो हे त्यांच्या हिशेबात नव्हते. पंचविसावे प्रकरण ज्याने नीट वाचले त्याने ही चूक करायला नको होती, आणि कार यांनी ते नीट वाचले होते. इतकेच नव्हे, तर त्याच ग्रंथात पुढे त्यांनी शुद्ध वास्तववादाच्या मर्यादाही सांगितल्या आहेत: त्याला ध्येय नसते, भावनेला हात घालण्याची शक्ती नसते, नैतिक निवाड्याचा हक्क नसतो, कृतीला आधार नसतो. मॅकियाव्हेलीनेही शेवटच्या प्रकरणात इटलीला परक्यांच्या हातून सोडवण्याची हाक दिली, जिची अपरिहार्यता त्याच्या वास्तववादी गृहीतकांतून मुळीच निघत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. म्हणजे परंपरेतला हा हुशार वाचक सिद्धान्ताच्या पानावर सावध आहे, आणि डोळ्यांसमोरच्या घटनेच्या पानावर नाही.

१९४६ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. प्रस्तावनेत कार सांगतात की काही शब्दयोजना बदलली आहे, गैरसमज करून देणारी काही वाक्ये सौम्य केली आहेत, आणि काळाच्या ओघात मागे पडलेल्या वादांविषयीचे दोन-तीन परिच्छेद काढून टाकले आहेत. म्युनिकचा परिच्छेद या काढून टाकलेल्यांत आहे. आज बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेली आहेत, त्यामुळे वास्तववाद शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तो ‘अटळ’ शब्द भेटतच नाही. मॅकियाव्हेलीच्या बाबतीत आपले नशीब बरे आहे. सातव्या प्रकरणाबरोबर त्याचा २६ डिसेंबरचा खलिताही शिल्लक राहिला आहे. ‘द प्रिन्स’ शिकवणाऱ्या कुणाचा अभ्यासक्रम आखण्याचा अधिकार माझ्याकडे असता, तर मी तो दीड ओळीचा मजकूर सातव्या प्रकरणाच्या आधी वाचायला लावला असता, आणि म्युनिकचा परिच्छेद कार यांच्या ग्रंथाच्या आधी.